मुलाखत देणारा फिरला: खुलासा जोडावा की विधान काढावं?

बातमी छापून आली आणि संध्याकाळी अधिकाऱ्याचा फोन: "मी असं बोललोच नाही, ते वाक्य काढा." अशा वेळी नव्या वार्ताहरापुढे दोन वाटा असतात: विधान ठेवून त्याखाली त्याचा खुलासा द्यायचा, किंवा विधान काढून दुरुस्तीची नोंद टाकायची.

आधी पुरावा बघा. समजा, छापलंय "पुलाचा तपासणी अहवाल मी पाहिलेला नाही" आणि रेकॉर्डिंगमध्ये आहे "अंतिम अहवाल पाहिलेला नाही". एका शब्दाने अर्थ फिरला, म्हणजे चूक आपली. इथे खुलासा पुरत नाही, दुरुस्तीच हवी. रेकॉर्डिंग शब्दशः जुळत असेल तर विधान राहतं. मागचा-पुढचा भाग मात्र ऐकाच, कारण वाक्य खरं असूनही संदर्भ तुटलेला असू शकतो. फक्त वहीतली टिपणं असतील तर तारीख, वेळ आणि त्याच दिवशी संपादकाला कळवलेला मजकूर कामी येतो.

मेहनत खुलाशात जास्त: नकार लेखी मागा, रेकॉर्डिंग जपा, संपादकाला सांगा. काढणं मिनिटाचं काम, पण गुपचूप काढलं तर जुने स्क्रीनशॉट फिरतात आणि बातमीच खोटी वाटते.

"बोललो, पण छापायला नको होतं" हा नकार नव्हेच. न छापण्याची अट बोलण्याआधी ठरली नसेल, तर विधान काढण्याचं कारण नाही. नोकरी किंवा जीव धोक्यात असेल तर संपादकाशी बोलून नाव झाकता येतं.

पुरावा पक्का असलेल्याने खुलासा जोडावा. शब्द चुकलेल्याने, किंवा कशानेच सिद्ध न करता येणाऱ्याने, उघड नोंद देऊन विधान काढावं.