एनईएफटी की आरटीजीएस: रक्कम दोन लाखांच्या पुढे गेली की निवड कशी करावी

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवताना ‘दोन लाखांपर्यंत एनईएफटी आणि त्यापुढे आरटीजीएस’ असा नियम अनेक जण गृहीत धरतात. त्यातला निम्माच भाग खरा आहे. आरटीजीएसला किमान मर्यादा आहे, ती २,००,००० रुपयांची. त्याहून एक रुपया कमी असला तरी हा मार्ग बंद असतो. एनईएफटीला मात्र रिझर्व्ह बँकेने किमान मर्यादाही घातलेली नाही आणि कमालही नाही. एक रुपयाही एनईएफटीने जातो आणि वीस लाखही जातात. रोख रक्कम घेऊन शाखेत येणाऱ्या, त्या बँकेत खाते नसलेल्या व्यक्तीला मात्र एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच एनईएफटी करता येते. म्हणजे दोन लाखांच्या आत या दोघांमध्ये निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. दोन लाख आणि त्याहून मोठ्या रकमेसाठी दोन्ही मार्ग खुले असतात, आणि तिथे ठरवायचे असते ते एवढेच की समोरच्याच्या खात्यात पैसे किती वेळात दिसायला हवेत.

वेगातला फरक या दोन व्यवस्थांच्या कामाच्या पद्धतीतूनच येतो. एनईएफटीत आपला आदेश एकटा पुढे जात नाही. दर अर्ध्या तासाला एक, याप्रमाणे दिवसभरात ४८ तुकड्या निघतात. त्या अर्ध्या तासात आलेले सर्व बँकांचे आदेश एकत्र होतात, कोणत्या बँकेने कोणाला निव्वळ किती द्यायचे याचा हिशेब लागतो आणि मग रक्कम लाभार्थ्याच्या बँकेकडे जमा करण्यासाठी पोहोचते. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहाराचा हिशेब स्वतंत्रपणे आणि पूर्ण रकमेने, आदेश आला त्याच वेळी, रिझर्व्ह बँकेच्या वहीत मिटवला जातो. एनईएफटी म्हणजे ठरलेल्या वेळी सुटणारी एसटी आणि आरटीजीएस म्हणजे बसताक्षणी निघणारी स्वतंत्र गाडी, असे म्हणायला हरकत नाही. पूर्वी दोन्हींना कामकाजाच्या वेळेचे आणि सुट्ट्यांचे बंधन होते. ते एनईएफटीपुरते १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएसपुरते १४ डिसेंबर २०२० पासून उठले, त्यामुळे ‘आज रविवार आहे, उद्या पाठवतो’ हे कारण ऑनलाइन व्यवहाराला आता लागू पडत नाही. आरटीजीएस फक्त मध्यरात्रीच्या सुमारास, एक दिवस मिटवून दुसरा सुरू करण्यापुरते, थोडा वेळ थांबते.

हा फरक प्रत्यक्षात किती जाणवतो, हे एका व्यवहाराच्या आधारे पाहू. पुण्यात ४५ लाखांच्या जुन्या सदनिकेची खरेदी आहे, बहुतेक रक्कम गृहकर्जातून येणार आहे आणि खरेदीदाराने स्वतःच्या खात्यातून ९,००,००० रुपये द्यायचे आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदणीची वेळ दुपारी १२ ची आहे. मोबदल्याच्या परिच्छेदात व्यवहाराची ओळख पटवणारा यूटीआर क्रमांक लिहायचा आहे, आणि पैसे जमा झाल्याचा संदेश आल्याशिवाय सही करायची नाही, असे विक्रेत्याने आधीच सांगितले आहे. खरेदीदाराने सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी नेट बँकिंगमधून एनईएफटी केली, तर आदेश साधारणपणे ११.३० च्या तुकडीत जातो. नियमानुसार लाभार्थ्याच्या बँकेला त्या तुकडीचा हिशेब पूर्ण झाल्यापासून दोन तास मिळतात. त्या वेळात तिने रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची असते. बहुतेक वेळा पैसे त्याच्या कितीतरी आधी पोहोचतात, पण विक्रेत्याच्या बँकेने १.३० पर्यंत वेळ घेतला तर तक्रारीला जागा नाही. आणि ओटीपी उशिरा येऊन आदेश ११.३० नंतर गेला, तर तो १२ च्या तुकडीत पडतो आणि हीच मुदत दुपारी २ वर जाते. दरम्यान खरेदीदाराच्या खात्यातून ९ लाख वजा झालेले दिसतात, विक्रेत्याच्या खात्यात मात्र काहीच दिसत नाही, आणि नेमक्या या वेळात दोन्ही बाजूंना उगाच एकमेकांचा संशय येऊ लागतो.

हीच रक्कम ११ वाजून ५ मिनिटांनी आरटीजीएसने पाठवली, तर आदेश लगेच विक्रेत्याच्या बँकेकडे जातो आणि तो मिळाल्यापासून ३० मिनिटांच्या आत तिने रक्कम खात्यात जमा करायची असते. म्हणजे फार झाले तर ११.३५ च्या आसपास, नोंदणीच्या वेळेआधी, काम होते. सही, ताबा, गाडीची डिलिव्हरी किंवा रुग्णालयातली अनामत अशा कुठल्याही ठिकाणी समोरचा माणूस पैशाची वाट पाहत बसलेला असेल, तर माझ्या मते दोन लाखांवरील रकमेसाठी आरटीजीएसच निवडावे. मुदत दोन दिवसांनी संपणार असेल, किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात ठेवीसाठी पैसे हलवायचे असतील, तर एनईएफटीने काहीच बिघडत नाही. तिथे दीड-दोन तासांना महत्त्व नसते.

मात्र ही तीस मिनिटे कुठून मोजायची, हे नीट लक्षात घ्यायला हवे. ती लाभार्थ्याच्या बँकेला संदेश मिळाल्यापासून मोजली जातात, आपण शाखेत अर्ज दिल्यापासून नव्हे. शाखेतून आरटीजीएस करताना धनादेश आणि अर्ज द्यावा लागतो, एक कर्मचारी नोंद करतो, दुसरा अधिकारी ती तपासून मंजूर करतो, आणि मगच आदेश बाहेर पडतो. गर्दीच्या दिवशी यातच तासभर जाऊ शकतो. शिवाय शाखा ठरावीक वेळेतच हे अर्ज स्वीकारते, त्यामुळे चोवीस तास चालणाऱ्या सेवेचा लाभ खरे तर ऑनलाइन ग्राहकालाच मिळतो. महाराष्ट्रातल्या अनेक लहान नागरी सहकारी बँका या व्यवस्थांमध्ये थेट सभासद नसून एखाद्या मोठ्या बँकेच्या माध्यमातून जोडलेल्या असतात. अशा बँकेतून मोठा व्यवहार करायचा असेल, तर आदेश किती वाजेपर्यंत स्वीकारतात आणि तो पुढे केव्हा जातो, हे आदल्या दिवशी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

ऑनलाइन पाठवतानाही कमाल मर्यादा नसते ती रिझर्व्ह बँकेच्या बाजूने. आपल्या बँकेची स्वतःची मर्यादा असतेच. ती दिवसाला किती, मोबाइल अॅपमधून किती आणि नेट बँकिंगमधून किती, हे बँकेनुसार आणि खात्याच्या प्रकारानुसार बदलते. त्यातच नवीन लाभार्थी जोडल्यावर बहुतेक बँका फसवणूक टाळण्यासाठी काही तास प्रतीक्षा करायला लावतात किंवा तेवढ्या वेळापुरती रक्कम मर्यादित ठेवतात. वरच्या उदाहरणातल्या खरेदीदाराने विक्रेत्याचे खाते त्याच सकाळी जोडले असते, तर एनईएफटी आणि आरटीजीएस या दोन्हींचा वेग निरुपयोगी ठरला असता. म्हणून मोठ्या व्यवहारात मार्ग निवडण्याच्या आधी, निदान दोन दिवस अगोदर, लाभार्थी जोडून मर्यादा तपासावी.

किमान मर्यादेची अडचण अनपेक्षित ठिकाणी येते. समजा, एका संस्थेला वास्तुविशारदाचे २,१५,००० रुपयांचे बिल द्यायचे आहे आणि त्यातून दहा टक्के उद्गम कर, म्हणजे टीडीएस, कापायचा आहे. कापलेले २१,५०० रुपये वजा जाता देय रक्कम १,९३,५०० होते, आणि आरटीजीएसचा मार्ग तिथेच बंद होतो. मर्यादा बिलाच्या रकमेला नसून प्रत्यक्ष पाठवायच्या रकमेला आहे. अशा वेळी एनईएफटी करावी, किंवा फारच घाई असेल तर आयएमपीएस वापरावे, ज्यातून ५ लाखांपर्यंतची रक्कम तत्काळ जाते, अर्थात बँकेची स्वतःची मर्यादा तेवढी असेल तर.

खात्याचा क्रमांक चुकला तर काय होते, या बाबतीत दोन्ही मार्ग जवळजवळ सारखेच कठोर आहेत. रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते; नाव जुळते की नाही, हे जमा करताना पाहिले जात नाही. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात: एनईएफटीत तुकडीनंतरच्या त्याच दोन तासांत, आणि आरटीजीएसमध्ये एका तासाच्या आत किंवा त्या दिवसाचे कामकाज संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा. पण तो क्रमांक दुसऱ्याच कोणाचा निघाला, तर त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय बँक पैसे परत काढून देऊ शकत नाही. आरटीजीएसचा आदेश एकदा मिटला की मागे घेता येत नाही. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने या दोन्ही मार्गांसाठी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली. लाभार्थी जोडताना पडद्यावर येणारे हे नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच्या जोडीला एक जुनी पद्धत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. आदल्या दिवशी १०० रुपयांची एनईएफटी करावी, विक्रेत्याला फोन करून ती जमा झाल्याची खात्री करावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नोंदवलेल्या लाभार्थ्याला ९ लाखांचे आरटीजीएस करावे. आरटीजीएसने १०० रुपये जात नसल्यामुळे चाचणी एनईएफटीनेच करावी लागते.

शुल्काचा मुद्दा निवडीत फारसा आड येत नाही. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क घेता येत नाही. शाखेतून केल्यास दोन लाखांवरील एनईएफटीला जास्तीत जास्त २५ रुपये, दोन ते पाच लाखांच्या आरटीजीएसला २४.५० आणि पाच लाखांवर ४९.५० रुपये, अधिक कर, एवढीच मर्यादा आहे. पैसे ज्याला मिळतात त्याच्याकडून काहीही घ्यायचे नसते.

पैसे वेळेत पोहोचले नाहीत, तर आधी व्यवहार कोणत्या मार्गाने गेला, हे यूटीआर क्रमांकावरून पाहावे. एनईएफटीचा क्रमांक १६ अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसचा २२, आणि आरटीजीएसच्या क्रमांकात बँकेच्या चार अक्षरांनंतर इंग्रजी R येतो. एनईएफटीत तुकडीनंतरचे दोन तास आणि आरटीजीएसमध्ये अर्धा तास उलटल्यावर पाठवणाऱ्याने हा क्रमांक घेऊन स्वतःच्याच बँकेकडे चौकशी करावी. विक्रेत्याच्या शाखेत हेलपाटे घालून उपयोग होत नाही. रक्कम जमा करण्यात किंवा परत करण्यात विलंब झाला असेल, तर त्या काळासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, अधिक दोन टक्के या दराने भरपाई देण्याची तरतूद आहे, आणि लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.