हेडसेटचा माईक एकाच फोनवर का चालतो? टीआरएस आणि टीआरआरएस पिनमधला फरक

सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या दुकानदाराचं उदाहरण घेऊ. चादरींच्या ऑर्डरी तो दिवसभर हेडसेट लावून घेतो. जुन्या फोनवर सगळं नीट चालायचं. नवा फोन घेतला, तोच हेडसेट लावला, आणि समोरच्याला आवाज जाईना. गाणं लावलं तर वाद्यं ऐकू येतात, गायक मात्र कुठेतरी लांब गेल्यासारखा. हेडसेट बिघडलेला नाही आणि फोनही. बिनसलंय ते पिनच्या शेवटच्या दोन भागांत.

आधी पिन हातात घेऊन प्लास्टिकच्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्या असतील तर धातूचे भाग तीन, म्हणजे टीआरएस. तीन पट्ट्या असतील तर भाग चार, म्हणजे टीआरआरएस. पट्टीचा रंग काळा असो वा पांढरा, त्यावरून काही ठरत नाही. टीआरआरएसमध्ये माईक आणि ग्राउंड, म्हणजे परतीची वायर, यांच्या जागा दोन पद्धतींनी ठरतात. त्या पद्धतींची नावं सीटीआयए आणि ओएमटीपी.

| पिनचा भाग | टीआरएस हेडफोन | टीआरआरएस, सीटीआयए | टीआरआरएस, ओएमटीपी |
|---|---|---|---|
| टोक | डावा | डावा | डावा |
| पहिली रिंग | उजवा | उजवा | उजवा |
| दुसरी रिंग | नाही | ग्राउंड | माईक |
| बूड | ग्राउंड | माईक | ग्राउंड |

टीआरएस हेडफोनला माईकची वायरच नसते. फोनमध्ये घातल्यावर त्याचं लांब बूड दुसऱ्या रिंगच्या आणि बुडाच्या, अशा दोन्ही संपर्कांना टेकतं. फोनला माईकची लाइन ग्राउंडला जोडलेली दिसते, म्हणून तो स्वतःचा माईक वापरतो. त्यामुळे टीआरएस हेडफोन हेडफोनचं छिद्र असलेल्या कुठल्याही फोनवर ऐकायला बिनधास्त चालतो.

खरी अडचण टीआरआरएसच्या दोन जोडण्यांची आहे. दिसायला दोन्ही पिना हुबेहूब सारख्या. ओएमटीपी बऱ्याच जुन्या फोनांत होती. आजच्या ज्या फोनांना हेडफोनचं छिद्र असतं, त्यांत बहुतेक सीटीआयएच असते. काही फोन कुठली पिन लागली ते ओळखून आतल्या आत जोडणी बदलतात. म्हणून एकच हेडसेट एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर नाही.

दुकानदाराच्या हेडसेटची पिन ओएमटीपी आणि नवा फोन सीटीआयए. दोन्ही स्पीकरची परतीची वायर बुडाला आहे, पण फोन तिथे माईक शोधतोय. परतीला ग्राउंड न मिळाल्याने दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच गळतो. आता वायरवरचं बटण दाबून धरा. बटण माईकची लाइन ग्राउंडला जोडतं, त्यामुळे स्पीकरला परतीची वाट मिळते. बटण दाबल्यावर गाणं एकदम भरून आलं, तर जोडणी उलटी आहे हे नक्की समजा.

खात्री हवी असेल तर हेडसेट फोनमधून काढून मल्टिमीटर लावा. एक टोचणी पिनच्या टोकाला, दुसरी दुसऱ्या रिंगला. साधारण १६ ते ३२ ओहम आले तर तिथे ग्राउंड आहे, म्हणजे सीटीआयए. हाच आकडा बुडाशी आला तर ओएमटीपी. चुकीच्या जागी मोजलंत तर मध्ये माईक येतो आणि आकडा बराच मोठा दिसतो. मल्टिमीटर नसेल तर आवाज रेकॉर्ड करत हेडसेटच्या माईकवर नखाने टिचकी मारा. टकटक दणक्यात उमटली नाही, तर फोन स्वतःचाच माईक वापरतोय. ही चाचणी जरूर करा, कारण नुसत्या बोलण्यावरून हे कळत नाही.

आता काय घ्यायचं? हेडसेट चांगला असेल तर ओएमटीपी ते सीटीआयए कन्व्हर्टर पुरतो. त्यात शेवटचे दोनच संपर्क अदलाबदल केलेले असतात. दुकानात तिथल्या तिथे टिचकीची चाचणी करूनच घ्या, कारण दिसायला तसाच असलेला साधा एक्स्टेंशनचा तुकडा काही बदलत नाही. वायर पिनपाशी तुटायला आलीच असेल तर कापून नवी टीआरआरएस पिन लावणं बरं. आतल्या बारीक तारांवर लाख असते. ती सोल्डरिंग आयर्नने जाळल्याशिवाय टाका धरत नाही आणि एखादी वायर मुकी राहते. तारांच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक तार मीटरने तपासा. हेडसेट स्वस्तातला असेल तर सरळ सीटीआयएचा नवा घ्या.

कॅमेऱ्याच्या कॉलर माईकचं मात्र वेगळं आहे. त्याची पिनही टीआरएस, पण माईक टोकाला असतो. फोनमध्ये ते टोक डाव्या स्पीकरच्या लाइनला लागतं, म्हणून आवाज जात नाही. त्याला टीआरएस माईक ते टीआरआरएस अडॅप्टर लागतो. वरचा कन्व्हर्टर इथे उपयोगाचा नाही. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला माईक-हेडफोनची दोन वेगळी छिद्रं असतील, तर टीआरआरएस हेडसेटसाठी दोन पिनांचा वाय-स्प्लिटर घ्यावा लागतो. तोही सीटीआयएच्या जोडणीचाच मागा, नाहीतर गायक पुन्हा गायब.