भावनिक बुद्धिमत्ता: चाचणीतली आणि ट्रेनिंगमधली

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात सुपरवायझरांसाठी भावनिक बुद्धिमत्तेचं दोन दिवसांचं शिबिर आहे, असं समजा. सकाळी फॉर्म येतो: ‘मला इतरांच्या भावना चटकन कळतात’, १ ते ५ गुण द्या. सरासरी ३.४. दुसऱ्या संध्याकाळी तोच फॉर्म, सरासरी ४.१. अहवालात लिहिलं जातं, भावनिक बुद्धिमत्ता वाढली. खरं तर वाढला तो स्वतःबद्दलचा अंदाज. शिवाय दोन दिवसांत अपेक्षित उत्तर कोणतं, हेही सगळ्यांना कळलेलं असतं.

१९९० मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना भावना ओळखण्याच्या आणि हाताळण्याच्या क्षमतेची होती. तिच्यावर आधारलेल्या एमएससीईआयटी चाचणीत ‘तुम्ही कसे आहात’ असं विचारतच नाहीत. चेहऱ्याचा फोटो दाखवून त्यात राग किती, भीती किती, ते ठरवायला सांगतात. प्रसंग देऊन कोणता उपाय किती परिणामकारक, असं विचारतात. दोष इथेही आहे: गणितासारखं एकच पक्कं उत्तर नसल्यामुळे गुण बहुमतावरून किंवा तज्ज्ञांच्या मतावरून ठरतात. तरीही स्वतःला दिलेले गुण आणि या चाचणीचे गुण यांचा मेळ फारच कमी बसतो.

आणि शिबिरांतल्या स्लाइडवर हमखास दिसणारं ते ‘यशात ८० टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा’? ही कल्पना लोकप्रिय करणारे लेखक डॅनियल गोलमन यांनी १९९५ मध्ये लिहिलं होतं की बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के. उरलेल्या ८० मध्ये घरची परिस्थिती, नशीब, सगळंच येतं. ट्रेनरनी तो अख्खा डबा एकाच्याच नावावर केला.

शिबिराची खरी पारख करायची तर शिबिराला न गेलेली दुसरी शिफ्ट तुलनेला घ्या आणि तीन महिन्यांनी सुपरवायझरला नव्हे, त्याच्या हाताखालच्या कामगारांना विचारा.