रोख भरण्याचं उत्तर आत्ता द्यावं की १४८ ची नोटीस आल्यावर?

१९६१ च्या आयकर कायद्याखाली कलम १४८अ ची, म्हणजे जुन्या वर्षाची फाइल पुन्हा का उघडू नये असं विचारणारी नोटीस हातात असेल तर दोन वाटा दिसतात. आत्ताच सगळी कागदपत्रं लावून उत्तर द्यायचं, किंवा थोडक्यात ‘मान्य नाही’ लिहून फाइल प्रत्यक्ष उघडणाऱ्या कलम १४८ च्या नोटिशीची वाट पाहायची.

एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये बचत खात्यात १२ लाख रोख भरले. वर्षात १० लाखांच्या पुढे गेलं की बँक ते आयकर खात्याला कळवते, म्हणून नोटीस. यातले ९ लाख त्याच खात्यातून जूनमध्ये लग्नासाठी काढले होते, लग्न पुढे ढकललं. उरलेले ३ लाख सोयाबीनचे.

या टप्प्यावर अधिकाऱ्यापुढे प्रश्न एवढाच असतो की फाइल उघडावी का. ९ लाखांसाठी जून ते नोव्हेंबरचा खातेउतारा आणि कार्यालयाचं बुकिंग रद्द केल्याची पावती पुष्कळ बळकट आहे. त्यासोबत तारखेनुसार रोख शिलकेचा तक्ता जोडा. मधल्या काळात मोठा खर्च दिसत असेल तर तेच पैसे परत आले हे पटत नाही; पहिला प्रश्न तिथेच येतो. सोयाबीनसाठी पीकपेरा असलेला सातबारा आणि आडत्याच्या पट्ट्या लागतात. पट्ट्यांच्या तारखा भरण्याच्या आधीच्या हव्यात.

समजा पट्ट्या २,३०,००० च्याच निघाल्या. मग ७०,००० साठी घाईनं भावाचं प्रतिज्ञापत्र करू नका. आडत्याच्या खातेवहीचा उतारा मागवा, पोर्टलवर मुदतवाढ मागा, आणि तोवर लिखित उत्तरात सापडलेलीच रक्कम लिहा. आत्ता लिहिलेलं पुढे बदललं की तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. थांबण्याच्या बाजूनं खरा मुद्दा असेल तर हाच.

थांबलात तर? हाती असलेल्या माहितीवरच आदेश निघतो, आणि त्यावर अपील नाही, उच्च न्यायालयात रिट तेवढी उरते. मग १४८ ची नोटीस, पुन्हा विवरणपत्र, पुढे चेहराविरहित चौकशी. कागद तिथेही देता येतात, पण प्रश्नांची व्याप्ती वाढते. खुलासा पटला नाही तर कलम ६९अ आणि ११५बीबीई लागतं: ६० टक्के कर, अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के. पूर्ण १२ लाखांवर ९,३६,०००. फक्त ७०,००० वर ५४,६००. व्याज आणि दंड वेगळे.

माझं मत: ९ लाखांचं उत्तर आत्ताच द्या, एका दिवसाचीही वाट पाहू नका. आधी नोटिशीतला आकडा मात्र खातेउताऱ्याशी ताडून बघा. तोच भरणा दोनदा मोजलेला असू शकतो, किंवा संयुक्त खात्यातली दुसऱ्याची रोकड तुमच्या पॅनवर आलेली असू शकते. हे चित्र असेल तर उत्तराची सुरुवात तिथूनच करा.