धुण्यातून निघालेले इअरबड्स: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जुलैत पँटच्या मागच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलेल्या इअरबड्सच्या एका जोडीचा हा सात महिन्यांचा हिशेब. कंपनीचं नाव देत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, खिसा न तपासण्याची होती. जोडी मधल्या किमतीची. बड्सना आयपीएक्स-४ रेटिंग, चार्जिंग केसला कसलंच रेटिंग नाही. ठिकाण बेळगाव, टॉप लोड मशीन, नेहमीची पावडर, पाऊण तासाचं धुणं. केस बंद होती आणि बड्स तिच्या आतच होते.

आजची स्थिती अशी: दोन्ही बड्स गाणी नीट वाजवतात, उजव्याचा माईक कामातून गेलाय आणि केस चौथ्या महिन्यात मेली. अशा धुण्यानंतर साधारण हेच होतं. बड्स लहान, चिकटवून बंद केलेले असतात, म्हणून बरेचदा वाचतात. केसला बिजागरी, चार्जिंगचं भोक आणि झाकणाची फट असते. पाणी तिथून जातं ते थेट बॅटरी आणि सर्किटपर्यंत.

रेटिंगवर फार विसंबू नये. आयपीएक्स-४ म्हणजे अंगावर उडालेले शिंतोडे सोसणं. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, पण तेही साध्या, स्थिर पाण्यात. साबणाचं पाणी वेगळं वागतं. स्पीकरच्या बारीक जाळीवर साधा थेंब अडून बसतो, कारण पाण्याचा पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. पावडर नेमका तोच ताण मोडते आणि पाणी जाळीतून आत उतरतं.

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात मोठी चूक होते ती ‘चालतंय का बघू’ म्हणून केस चार्जिंगला लावण्याची. नुसतं पाणी जेवढं नुकसान करतं, त्याच्या कितीतरी पट ते वीज वाहत असताना करतं. ओल्या पिनांमधून करंट गेला की धन बाजूच्या पिनेचा मुलामा झिजतो आणि खालचं तांबं हिरवं पडतं. म्हणून बड्स केसमधून लगेच काढायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत परत ठेवायचे नाहीत. रबरी टिप काढायच्या, जाळी खाली करून हलकेच झटकायचं, केस उघडून उलटी धरायची.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: साबण काढणं. पाणी उडून जातं, पावडर आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. शहरात नळाचं पाणी असेल तर थोडं बरं, पण अथणी-चिकोडीकडे बोअरच्या पाण्यात धुणं झालं असेल तर पिनांवर पांढरा थर हमखास दिसतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं (बाटली नीट बघून घ्या, त्याच फळीवर ॲसिडही असतं). त्यात कापसाची काडी बुडवून, निथळवून केसचे खळगे आणि बड्सचे पिन दोन-तीनदा पुसायचे. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त धातूच्या पिनांना चालेल. जाळीवर लावलं तर तिचा गोंद सुटू शकतो. हेअर ड्रायर तर नकोच. गरम झोत पाण्याला आणखी आत ढकलतो आणि लिथियम बॅटरीला तापवतो.

आता तांदूळ. या जोडीचीही पहिली रात्र तांदळाच्या डब्यातच गेली, म्हणून तुलना करता आली. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घरात होता. बाहेरून पुसलेली रिकामी केस ३९.८४ ग्रॅम भरली. तांदळातून सकाळी काढली, ३९.६१. म्हणजे बारा तासांत पाव ग्रॅमही गेलं नाही, आणि त्यातलंही बरंचसं उघड्यावर ठेवूनसुद्धा गेलं असतं. उलट चार्जिंगच्या भोकात एक कणी अडकली आणि बिजागरीत ओल्या पिठाची खळ जमली. ती लाकडी टूथपिकने कोरून काढावी लागली.

कारण सरळ आहे. साठवणीच्या तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के ओल असते, त्यामुळे डब्यातली हवा साठ-सत्तर टक्के दमटपणावर येऊन थांबते. शिवाय जुलैत बेळगाव-खानापूर पट्ट्यात दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे उघड्या पोत्यातला तांदूळ स्वतःच हवेतली ओल पीत बसलेला असतो. बासमती असो की कोलम, तो बिचारा काय शोषणार? ॲपलनेही २०२४च्या सुरुवातीला भिजलेल्या आयफोनबद्दल तांदूळ वापरू नका, असं स्पष्ट लिहिलं.

सकाळी केस सिलिका जेलमध्ये गेली. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाला नारिंगी दाण्यांचं पाव किलो जेल, त्यावर चहाची गाळणी उलटी ठेवून तिच्यावर उघडी केस आणि बड्स. दाणे थेट लागू द्यायचे नाहीत. चपलांच्या खोक्यातल्या पुड्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. दाण्यांचा नारिंगी रंग गेला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवायचे, रंग परत येतो. चोवीस तासांनी केस ३९.०२ ग्रॅम भरली, अठ्ठेचाळीस तासांनी ३८.८६, त्यानंतर दोनदा ३८.८५. काटा लागोपाठ दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, तोच आकडा दाखवेल तेव्हाच वाळलं असं समजायचं. हिशेब केला तर एकूण एक ग्रॅम, म्हणजे साधारण वीस थेंब पाणी आत होतं, आणि बाहेरून केस पहिल्या संध्याकाळीच कोरडी दिसत होती! काटा नसेल तर पावसाळ्यात पूर्ण तीन दिवस सिलिकात ठेवा. अथणीकडे जानेवारीच्या कोरड्या हवेत पंख्याखालीही भागेल.

वाळल्यावर पहिलं चार्जिंग डोळ्यांसमोर, फरशीवर, साध्या कमी ताकदीच्या चार्जरने करायचं. केस हाताला गरम लागली, सांधा फुगला किंवा गोडसर वास आला तर तिथेच थांबायचं आणि ती केस पुन्हा वापरायची नाही. इथे तसं काही झालं नाही. डाव्या बडचा आवाज मात्र निम्मा होता. जाळीवर मळ आणि साबणाची साय धरली होती. जाळी खाली धरून कोरड्या, मऊ दातब्रशने झाडल्यावर आवाज आला.

खरी गोष्ट पुढच्या महिन्यांत कळते. दुसऱ्या महिन्यात उजव्या बडवरून बोललं की समोरच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जायला लागला. माईकचं छिद्र सुईच्या टोकाएवढं असतं, आत साबण वाळला की तो निघत नाही. तिथे सुई घालायची नाही, पडदा फाटतो. नॉइज कॅन्सलिंगही त्याच बाजूने शिटी मारायला लागलं, कारण ते याच माईकवर चालतं. ते बंद ठेवलं की त्रास नाही. तिसऱ्या महिन्यात केस न वापरताच रात्रीत पंचवीस टक्के उतरू लागली. आतल्या क्षारांच्या थरातून करंट गळत असल्याचं ते लक्षण. चौथ्या महिन्यात एक पिन काळी पडली आणि डावा बड चार्ज होईना. अल्कोहोलने पुसल्यावर आठवडाभर चालली, मग बंदच.

वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही, तेव्हा तिकडे फार आशा नको. मात्र अनेक कंपन्या केस किंवा एक बड सुटा विकतात. इथे त्याच मॉडेलची सुटी केस घेतली, बड्स रिसेट करून पुन्हा जोडले. नव्या केसमध्ये दोन्ही बड्स पूर्ण चार्ज होतात, डावा साडेचार तास वाजतो आणि उजवा पावणेचार. फोनवर बोलायचं असेल तेव्हा फक्त डावा कानात जातो.