सिंगल-मोड फायबर आणि बाहेरचे मॉड्यूल: टॉवेल कारखान्यातले आठ महिने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम मी बघतो. सर्व्हर रूम ऑफिसात आहे आणि पॅकिंग गोडाऊन पार मागच्या टोकाला. केबलच्या वाटेनं अंतर ३१० मीटर भरतं. मध्ये विणकामाची शेड, शेजारी डाईंग. या दोन टोकांमध्ये जुनी नारिंगी फायबर होती आणि १ जीबीची लिंक वर्षानुवर्षं विनातक्रार चालत होती. गेल्या हिवाळ्यात गोडाऊनला कॅमेरे वाढले, बारकोडचा नवा सर्व्हर आला, म्हणून दोन्हीकडे १० जीबीचे अपलिंक असलेले स्विच घेतले. स्विच कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे सांगतो ती तऱ्हा एकाच कंपनीची नाही.

जुनी केबल मल्टीमोड आहे एवढं मला माहीत होतं, म्हणून मल्टीमोडचे, कमी अंतराचे एसआर मॉड्यूल मागवले. मॉड्यूल, म्हणजेच एसएफपी, ही स्विचच्या पोर्टमध्ये बसणारी आणि विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारी छोटी डबी. स्विच कंपनीच्या मॉड्यूलचा भाव ऐकून शेठ म्हणाले, "एवढ्याशा डबीला इतके पैसे?" मग पुण्याच्या एका डीलरकडून बाहेरचे घेतले. पोर्टमध्ये घातले आणि लाइटच लागेना. मॉड्यूल मेलाय असं समजून दुसरा घातला, तोही तसाच. शेवटी लॉग उघडून बघितला तर स्विचनं मॉड्यूल असमर्थित ठरवून पोर्ट स्वतःच बंद केला होता. तेच दोन मॉड्यूल सर्व्हरच्या १० जीबी कार्डाच्या दोन पोर्टमध्ये घालून मध्ये दोन मीटरची पॅच कॉर्ड लावली. लिंक लगेच आली. म्हणजे लेझर ठीक, रिसीव्हर ठीक, फक्त स्विचला पाहुणा मान्य नव्हता.

स्विच नेमकं बघतो काय? प्रत्येक एसएफपीच्या पोटात एक छोटी मेमरी चिप असते. तिच्यात ठरलेल्या जागी मॉड्यूलची माहिती लिहिलेली असते: बाइट २० ते ३५ मध्ये बनवणाऱ्याचं नाव, ४० ते ५५ मध्ये पार्ट नंबर, ६८ ते ८३ मध्ये सिरियल नंबर. या जागा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या आहेत, त्यामुळे मॉड्यूल कोणाचाही असला तरी वाचता येतो. पण ९६ ते १२७ हे ३२ बाइट कंपनीला तिच्या मर्जीनं वापरायला मोकळे सोडलेत. काही कंपन्या तिथे नाव, सिरियल वगैरेंवरून काढलेला एक गुप्त आकडा लिहितात. स्विच तोच हिशेब स्वतः करतो आणि आकडा जुळला नाही की दार बंद. प्रकाश कसा आहे हे या घडीला त्यानं तपासलेलंही नसतं. सोलापूरकराला हे समजायला अवघड नाही. बाहेरगावी विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' लेबल लावून विकणारे आपण बघितलेत. इथे उलटं, वीण चांगली असली तरी लेबल नाही म्हणून परत.

लिनक्स मशीनवर मॉड्यूल घालून हे लेबल वाचता येतं. पुढे घेतलेल्या लांब पल्ल्याच्या एलआर मॉड्यूलचं, कोडिंग करण्याआधीचं, असं दिसत होतं:

```
$ sudo ethtool -m enp3s0f0
Identifier        : 0x03 (SFP)
Connector         : 0x07 (LC)
Transceiver type  : 10G Ethernet: 10G Base-LR
Vendor name       : OEM
Vendor PN         : SFP-10G-LR
```

नावाच्या जागी नुसतं `OEM` म्हणजे बिनलेबलाचा माल. आपल्या स्विचचं मॉडेल कळवलं की डीलर यंत्रावर ही मेमरी परत लिहून देतो. त्याला ते कोडिंग म्हणतात.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. मॉड्यूल किती वीज खातो, किती तापतो, मेमरीत लिहिलेलं खरं आहे का, याची जबाबदारी त्या फक्त स्वतः तपासलेल्या मालाची घेतात. पण वर सांगितलेल्या गुप्त आकड्यानं यातलं काहीच मोजलं जात नाही, त्यामुळे धंद्याचा भाग मोठा आहे असं माझं मत. काही कंपन्या मागचं दारही ठेवतात. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर या दोन ओळी चालतात. पहिली तर प्रश्नचिन्ह टाकून मिळणाऱ्या यादीत दिसतही नाही:

```
service unsupported-transceiver
no errdisable detect cause gbic-invalid
```

अरुबाच्या बऱ्याच स्विचवर `allow-unsupported-transceiver` आहे. आमच्या मॉडेलवर असं काही नव्हतं, म्हणून चारही एसआर मॉड्यूल कोडिंगसाठी परत पाठवले.

आठवड्यानं आले, स्विचनं गुपचूप स्वीकारले, लाइट लागला. मी खूश. अर्ध्या तासात गोडाऊनवरून फोन, "साहेब, स्कॅनर अडकतायत." लिंक येत होती, जात होती आणि सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा मिनिटामिनिटाला वाढत होता. मी पुन्हा मॉड्यूलला आणि डीलरला शिव्या घातल्या. इथेच माझे दहा दिवस वाया गेले. कारण मॉड्यूल सांगत होता की येणारा प्रकाश उत्तम आहे, स्वीकारण्याच्या हद्दीत अगदी आरामात. मग एरर कुठून?

उत्तर केबलच्या अंगावर छापलेलं होतं. डक्टचं झाकण काढून फडक्यानं केबल पुसली तेव्हा ५०/१२५ आणि ओएम२ एवढं वाचता आलं. ओएम२ ही मल्टीमोडची जुनी प्रत, ओएम३ आणि ओएम४ तिच्या पुढच्या. मल्टीमोडचा गाभा ५० मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाला एकाच वेळी अनेक वाटांनी जाता येतं. कोणी सरळ जातो, कोणी कडेकडेनं वळत, आणि सगळे एकाच क्षणी पोचत नाहीत. त्यामुळे प्रत्येक ठिपका पुढे जाता जाता पसरतो. १ जीबीला एक बिट काचेत साधारण १६ सेंटीमीटर लांब असतो, थोडा पसरला तरी शेजाऱ्याच्या अंगावर जात नाही. १० जीबीला तोच बिट जेमतेम २ सेंटीमीटरचा. तेवढाच पसारा झाला की दोन बिट एकमेकांत मिसळतात. प्रकाश पूर्ण पोचतो, पण अक्षरं फिसकटलेली. म्हणून पॉवरचा आकडा चांगला आणि एरर भरमसाट, अशी जोडी दिसली की आधी केबलचा प्रकार आणि लांबी बघा, मॉड्यूल नंतर.

ओएम२ वर १ जीबीचा एसएक्स मॉड्यूल ५५० मीटर जातो. १० जीबीचा एसआर फक्त ८२ मीटर. आमचे ३१०. ओएम३ घातली असती तर मर्यादा ३०० मीटर, म्हणजे दहा मीटरनं नापास. ओएम४ ४०० मीटर देते, पण उद्या १०० जीबी म्हटलं तर तिचीही हद्द शंभर मीटरच्या आसपास येते. सिंगल-मोडचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. त्यात प्रकाशाला एकच वाट, त्यामुळे हा पसाराच नाही. केबलही मल्टीमोडपेक्षा स्वस्त पडली. मॉड्यूल मात्र थोडे महाग, कारण ९ मायक्रॉनच्या भोकात नेम धरणारा लेझर लागतो.

संक्रांतीला गड्डा यात्रेची सुट्टी होती, माग बंद होते, तेव्हा आर्मर्ड सिंगल-मोड ओढून घेतली. डक्टमध्ये उंदीर आहेत, त्यामुळे आर्मरवर तडजोड केली नाही. स्प्लायसिंगला, म्हणजे फायबर वितळवून जोडायला आलेले अण्णा जेवायला शेंगाचटणी-भाकरी काढून बसले आणि उठल्यावर हात धुऊन, पुसून, वर स्पिरिटनं बोटं साफ करूनच फायबरला हात लावला. त्यांनी दोन्ही टोकांना पिगटेल, म्हणजे कनेक्टर लावलेले फायबरचे छोटे तुकडे जोडले आणि जुन्या नारिंगी पॅच कॉर्ड माझ्यासमोर कापून टाकल्या. म्हणाले, "ठेवल्या तर कोणीतरी लावणारच."

डीलर ४० किलोमीटरचे ईआर मॉड्यूल देत होता, "जास्त पॉवरचा, कधी बंद पडणार नाही." घेतले नाहीत. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात; ईआरच्या रिसीव्हरला उणे १ डीबीएमच्या वर प्रकाश चालत नाही आणि त्याचा लेझर त्याहून जास्त फेकू शकतो. ३१० मीटरवर वाटेत काही कमी होत नाही, मग रिसीव्हरचे डोळे दिपतात. १० किलोमीटरचे एलआर घेतले, कोडिंग करूनच. हिशेब सोपा होता: केबलमध्ये वाया जाणारा प्रकाश ०.१ डीबीच्या थोडा वर, दोन स्प्लाइस मिळून ०.२, दोन कनेक्टरला प्रत्येकी अर्धा, एकूण दीडच्या आत. पहिल्या दिवशी ऑफिसकडून उणे २.३ निघाला आणि गोडाऊनला उणे ३.७ पोचला. एलआर उणे १४.४ पर्यंत वाचू शकतो, म्हणजे हाताशी दहा डीबीहून जास्त. त्या दिवसापासून सीआरसी शून्य.

मार्चमध्ये त्याच स्विचवर दुसरी लिंक जोडली आणि नवा पोर्ट पुन्हा बंद. मॉड्यूल त्याच डीलरचे, त्याच कोडिंगचे, मग आता काय? दोन्ही पोर्टची माहिती शेजारीशेजारी काढली तर सिरियल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत एकच. डीलरनं एका अस्सल मॉड्यूलची मेमरी उचलून सगळ्यांवर छापली होती आणि स्विचनं दुसऱ्याला नक्कल म्हणून पकडलं. दोन टोकांना एकेक होता तोवर हे कळायला मार्गच नव्हता. आता बिलावर प्रत्येक नगाचा वेगळा सिरियल लिहून घेतो आणि माल आला की `ethtool` नं पडताळतो.

मेमध्ये बाहेर चाळिशी पार असताना गोडाऊनच्या रॅकमधला मॉड्यूल ६१ अंश दाखवत होता. साध्या मॉड्यूलची मर्यादा ७० असते. रॅकला एक पंखा लावला, ५४ वर आला. त्याचा दुष्परिणाम जुलैत दिसला. गोडाऊनला पोचणारा प्रकाश हळूहळू घसरत उणे ११.६ वर गेला होता. लिंक चालू होती, कोणाची तक्रार नव्हती, मी महिन्याची नोंद घेताना सापडलं. मागावरून उडणारी रुई पंख्यानं आत ओढली होती, आणि मधे कोणीतरी पॅच कॉर्ड काढून झाकण न लावता ठेवून परत लावली होती. ५० मायक्रॉनच्या गाभ्यावर एखादा कण खपून जातो, ९ मायक्रॉनवर तोच कण जवळपास पूर्ण झाकण घालतो. पेनसारखा क्लिक क्लीनर कनेक्टरवर दोनदा दाबला, पॅच पॅनलच्या आतल्या टोकालाही एकदा. आकडा उणे ३.९ वर परत. पंख्यापुढे आता जाळी आहे आणि ती दर सोमवारी झटकली जाते.

आठ महिन्यांत सहा बाहेरच्या मॉड्यूलपैकी एकही मेला नाही. तरी एक जोडी स्विच कंपनीची अस्सल घेऊन ठेवली, शेठ कुरकुरले तरी. सपोर्टला फोन केला की पहिला प्रश्न मॉड्यूल कोणाचा हाच असतो. ऑगस्टमध्ये स्विच आपोआप रीस्टार्ट होत होता. त्याचा मॉड्यूलशी काही संबंध नव्हता, पण अस्सल जोडी घालून लॉग पाठवल्यावरच पुढचं बोलणं झालं. फर्मवेअर बदलल्यावर रीस्टार्ट थांबले. मग ती जोडी काढून, टोप्या लावून, क्लीनरशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बाहेरचे परत बसवले.