‘किल्लासारखं काहीतरी सुचव ना’

सिनेमा सुचवा म्हणताना आपण साधारण तीन तऱ्हांनी सांगतो. माझा आवडता ‘किल्ला’ (दिग्दर्शक अविनाश अरुण, २०१४) घेऊन तिन्ही तऱ्हा ताडून बघू.

पहिली, प्रकार सांगणं: ‘मराठी, भावनिक, कौटुंबिक.’ यावर लोक त्यांना जे आवडलं तेच सांगतात. तुमची आवड त्यात कुठेच नसते. ही सोडून द्या.

दुसरी, नाव सांगणं: ‘किल्लासारखं काही?’ हे बरं, पण ‘सारखं’ म्हणजे नेमकं कशासारखं, हे समोरचा स्वतःच ठरवतो. कुणी कोकण धरतो, कुणी पाऊस, कुणी लहान मुलगा. मला हमखास ‘एलिझाबेथ एकादशी’ सांगतात. कागदावर जुळतंही: दोन्हीकडे वडील गेलेले, आई एकटी, मुलगा शाळेतला. पण तो सिनेमा धावता आणि बोलका आहे. घरातली सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपुरातली पोरं खटपट करतात, आणि आपण ‘जमेल का?’ यात गुंततो. ‘किल्ला’त असं काही जमवायचंच नसतं. सोबतची पोरं निघून जातात, चिन्मय पावसात किल्ल्यावर एकटाच त्यांना शोधत राहतो. घरी आल्यावर आईशी त्याबद्दल धड बोलताही येत नाही. मला आवडतं ते हे.

म्हणून तिसरी तऱ्हा, आणि माझं मत हिलाच: आवडलेल्या नावाशेजारी, वरवर तसाच पण तुम्हाला तितका न भिडलेला सिनेमा ठेवायचा आणि फरक सांगायचा. ‘किल्ला भिडला, एलिझाबेथ एकादशी नुसता छान वाटला. घरात दुःख आहे पण त्यावर कुणी बोलत नाही, शेवटी सगळं मार्गी लागत नाही, असं हवं. संथ चालेल.’ आता लहान मुलगा आणि कोकण दोन्ही आपोआप गळतात. मग उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ पुढे येतो, आणि जपानी कोरे-एदांचा ‘स्टिल वॉकिंग’सुद्धा (२००८). त्यात थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनाला कुटुंब जमतं आणि स्वयंपाकघरात भाज्या चिरता चिरता गप्पा चालतात. नुसत्या ‘किल्लासारखं’वरून तिथपर्यंत कुणी पोचलं नसतं.

‘संथ चालेल’ हे मात्र विसरू नका. न सांगितलं तर सुचवणारा सावध होतो आणि हातचं राखून सांगतो. उलट शुक्रवारी रात्री दमून बसला असाल, तर तेही सांगा. आवड तीच असली तरी त्या रात्री ‘विहीर’ झेपणार नाही.

एक अडचण आहे. ही तऱ्हा दोन्ही सिनेमे पाहिलेल्या माणसापुढेच चालते. वर्षाकाठी चार सिनेमे बघणाऱ्या काकांना फरक समजावत बसलात तर ते ‘अरे, तूच बघ काय ते’ म्हणतील. त्यांना सिनेमाचं नावच सांगू नका. सरळ विचारा, ‘काका, घरात कुणी गेलंय पण कुणी रडत नाही, असा सिनेमा पाहिलाय का कधी?’ माझे काका जरा थांबले, आणि मी कधी न ऐकलेलं एक नाव निघालं.